‘प्राण्यांची पुस्तकं द्या’ एवढंच लिहू नका

प्रश्न: माझी मुलगी यंदा पाचवीत गेली. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सुटली, आता हायस्कूलला जाते, दापोली तालुक्यात. फार लाजते. वर्गात तोंड उघडत नाही, पण समुद्रावर खेकडे बघत तासभर बसते आणि घरी शेळी, मांजर सगळ्यांशी बोलते. शाळेत वाचनालय आहे, पण ती स्वतःहून पुस्तक मागत नाही. ग्रंथपाल बाईंना पत्र लिहावं म्हणते. काय लिहू, कसं लिहू?

उत्तर: पत्र जरूर लिहा, आणि ते तुम्ही स्वतः नेऊन द्या. मुलीच्या दप्तरातून पाठवू नका. पत्र द्यायचं म्हणजे तिला बाईंसमोर उभं राहावं लागेल, बाई तिथल्या तिथे उघडून वाचतील, वर मान करून तिच्याकडे बघतील आणि काहीतरी विचारतील. जे टाळण्यासाठी पत्र लिहायचं, तेच पत्रामुळे होऊन बसेल. असं पत्र चार दिवस दप्तरातच राहतं, हे मी पाहिलं आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये 26 वर्षं ग्रंथपाल होते. पालकांच्या चिठ्ठ्या यायच्या त्या बहुतेक पुस्तक हरवल्याच्या नाहीतर पावसात भिजल्याच्या. पुस्तक मागणारी पत्रं मोजकीच, आणि त्यांतही मजकूर साधारण हाच: ‘माझ्या मुलाला प्राण्यांची आवड आहे, तरी त्याला प्राण्यांची चांगली पुस्तकं द्यावीत.’ वाचून बरं वाटायचं, पण कपाटापाशी गेले की माझे पाय अडायचे. कारण वाचनालयात ‘प्राण्यांची पुस्तकं’ अशी एक जागा नसते.

ड्युईच्या दशांश पद्धतीने पुस्तकं लावली असतील तर प्राणिशास्त्र 590 पासून सुरू होतं. खेकडे, कोळी, कीटक 595 मध्ये. मासे, बेडूक, कासव, साप 597 मध्ये. पक्षी 598, सस्तन प्राणी 599. आणि तुमच्या गोठ्यातली शेळी मात्र इथे नाहीच. ती 636 मध्ये, शेती आणि पशुपालनाच्या बाजूला, वेगळ्या कपाटात. प्राण्यांच्या गोष्टी आणखी तिसरीकडे, 891.46 म्हणजे मराठी साहित्यात, नाहीतर बालविभाग म्हणून ठेवलेल्या वेगळ्या फळीवर. मासिकांचे गठ्ठे चौथीकडे. बऱ्याच शाळांत तर वर्गीकरण झालेलंच नसतं, पुस्तकं दाखल क्रमांकाने, म्हणजे जशी विकत घेतली त्या क्रमाने उभी असतात. तिथे बाईंची आठवण हीच सूची. त्यामुळे तुमचं पत्र वाचून बाईंना पहिल्यांदा हे कळलं पाहिजे की कोणत्या कपाटाकडे जायचं. ‘आवड आहे’ या शब्दांतून ते कळत नाही. मुलगी काय करते, हे लिहिलंत तर कळतं.

तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात की ती तासभर खेकडे बघते. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात हे वाक्य सोन्याचं आहे, पण ते अजून थोडं जवळून लिहा. त्यासाठी एकदा ओहोटीला तिच्याबरोबर जाऊन बसा, काही न विचारता. ओल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढा खेकडा बिळातून वर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्या. थोड्या वेळाने बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा होतात, रांगोळीतल्या ठिपक्यांसारख्या, आणि भरती आली की सगळं पुसलं जातं. आता तुमची मुलगी यातलं काय करते ते बघा. गोळ्या मोजते का? पाऊल वाजलं की खेकडा किती अंतरावरून बिळात पळतो हे पुन्हा पुन्हा करून बघते का? वाळूवर काडीने त्याचं चित्र काढते का? की त्याला नाव देऊन, ‘आता हा आपल्या आईला सांगायला गेला’ असं काहीतरी पुटपुटते?

पहिल्या तिन्हींपैकी काही असेल तर तिला माहितीची पुस्तकं हवीत: खरी चित्रं किंवा फोटो, अवयवांची नावं, हा काय खातो, कुठे राहतो. चौथं असेल तर गोष्टी. पुष्कळ मुलांत दोन्ही असतं, पण एक बाजू भारी असते, आणि पहिलं पुस्तक त्या बाजूचं गेलं तर दुसरं मागितलं जातं. इथे एक चूक वारंवार होते. मुलगी आहे, लहान आहे, गप्प आहे म्हटल्यावर तिच्या हातात बोलणारा ससा आणि रुसलेलं अस्वल येतं. ज्या मुलीने खरा खेकडा तासभर न्याहाळलाय, तिला टोपी घातलेला खेकडा खोटा वाटतो. ती काही म्हणणार नाही. पुस्तक मुकाट्याने परत देईल, आणि बाई समजतील की वाचनाची आवड नाही.

दुसरी गोष्ट, ती कितपत वाचू शकते हे पत्रात स्पष्ट लिहा. गप्प मुलांच्या बाबतीत हे फार लपून राहतं. बोलकं मूल अडखळलं की सगळ्यांना दिसतं, पण गप्प मूल पुस्तकावर नजर ठेवून बसतं आणि पानं उलटतं. घरी रात्री तिला कुठल्याही पुस्तकाचं एक पान वाचायला द्या, तिच्या नेहमीच्या जागी, कुणी बघायला नसताना. जिथे अडखळेल तिथे तिने एकेक बोट मिटायचं. पानभरात एखाददुसरं बोट मिटलं तर पुस्तक तिच्यासाठी नीट आहे. पाचही मिटली तर ते आता तिने एकटीने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. मराठीत मुलं अडतात ती बहुधा जोडाक्षरांपाशी, आणि प्राण्यांच्या माहितीच्या पुस्तकांत जोडाक्षरं खच्चून भरलेली असतात. ‘पृष्ठवंशीय’, ‘स्थलांतर’, ‘उष्णरक्ताचे’ असले शब्द पाचवीच्या मुलीला खडे लागल्यासारखे लागतात. म्हणून पत्रात ‘पाचवीत आहे’ यावर थांबू नका. ‘मोठा टाइप आणि पानावर सात-आठ ओळी असल्या तर एकटी वाचते, त्याहून जास्त असलं तर कंटाळते’ असं लिहा. बाईंना इयत्तेपेक्षा हे जास्त कामाचं.

आणि आपल्या किनाऱ्यावरची आणखी एक अडचण. मुलीच्या तोंडी असतात कुर्ली, निवटी, खुबे. पुस्तकात असतं काहीतरी वेगळंच प्रमाण नाव, नाहीतर इंग्रजी नावाचं भाषांतर. बिबट्याला तर आपल्याकडे गावोगाव सरळ ‘वाघ’ म्हणतात. मग पुस्तकातला पट्ट्यांचा वाघ बघून मूल चक्रावतं, की काल आजोबांनी पाहिलेला वाघ ठिपक्यांचा कसा. बोलकं मूल विचारून मोकळं होतं, गप्प मूल ते मनात ठेवतं आणि पुस्तकावरचा विश्वास कमी करतं. तिच्या तोंडची दोन-चार नावं पत्रात लिहिलीत तर बाई पुस्तक देताना त्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवू शकतात: ‘ही आपली निवटी.’ मी असं करायचे. निवटीचं चित्र म्हणजे चिखलावर उड्या मारणारा, डोळे डोक्यावर आलेला मासा, जो अंग ओलं असेतोवर पाण्याबाहेरही श्वास घेतो. पुस्तकात त्याचं नाव काहीही असो, खाडीकाठच्या मुलीला चित्र बघताच तो ओळखू येतो, आणि आपल्या रोजच्या चिखलातला प्राणी छापून आलाय हे बघून तिचा चेहरा बदलतो.

आता लाजण्याबद्दल. या भागात मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे.

एक मुलगी होती सहावीत, बंदरावरच्या घरातली. तिच्या आईने मला वाटेत गाठून सांगितलं, ‘बाई, हिला सापांचं भारी वेड, पण लाजते हो.’ मी लक्षात ठेवलं. पुढच्याच आठवड्यात नवीन खरेदीत सापांवरचं एक सुंदर रंगीत पुस्तक आलं. मला इतका आनंद झाला की वाचनालयाच्या तासाला 50 मुलांसमोर ते पुस्तक वर धरून मी तिचं नाव घेतलं आणि म्हटलं, ‘हे बघ, खास तुझ्यासाठी ठेवलंय, तुला साप आवडतात ना?’ वर्ग हसला. वाईट हेतूने नाही, मुलं हसतात तशी हसली. ती उठली, पुस्तक घेतलं, बाकावर पालथं ठेवलं. पुढचे तीन आठवडे वाचनालयाच्या तासाला तिचं पोट दुखत होतं. वर्षभर तिला ‘नागीण’ म्हणून चिडवलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं.

तिच्या आईने सांगितलं ते खरं होतं. पण ‘लाजते’ या शब्दाचा अर्थ मी माझ्या मनाने लावला, की आपण प्रेमाने बोलावलं की येईल. ‘लाजाळू’ हे विशेषण वाचलं की चांगल्या माणसाला मुलाची भीड मोडावीशी वाटते. म्हणून पत्रात नुसतं विशेषण नको. नेमकं काय झालं की ती मिटते आणि काय केलं की मिटत नाही, ही दोन वाक्यं हवीत. उदाहरणार्थ: ‘सगळ्यांसमोर नाव घेतलं की ती बोलत नाही. कुणी बाजूला बसून काम करत असलं की थोड्या वेळाने स्वतःच बोलायला लागते.’ एवढं वाचल्यावर मी तरी पुस्तक वर धरून नाव घेतलं नसतं.

मग पुस्तक तिच्यापर्यंत पोहोचायचं कसं? तुमच्या शाळेत वाचनालयाचा तास कसा चालतो ते आधी माहीत करून घ्या. पुष्कळ हायस्कुलांत पाचवी-सहावीची मुलं वाचनालयात जातच नाहीत. वर्गप्रमुख जाऊन पन्नासेक पुस्तकांचा गठ्ठा वर्गात आणतो, हजेरी क्रमांकाने वाटतो, आणि तास संपला की गोळा करतो. बोलकी मुलं आपसांत अदलाबदल करतात. तुमच्या मुलीसारखी मुलगी हातात येईल ते घेते. तिच्या वाट्याला ऐतिहासिक नाटक आलं तर ती पस्तीस मिनिटं नाटक उघडून बसते. म्हणजे ती ‘पुस्तक मागत नाही’ असं दिसतं, पण मागायला जागाच नसते.

या गठ्ठ्यातच तुमची वाट आहे. पुस्तकं हजेरी क्रमांकाने जाणार असतील तर बाई तिच्या क्रमांकाच्या जागी नेमकं पुस्तक आधीच लावून ठेवू शकतात. कुणाला काही कळत नाही, तिलाही पहिल्या वेळी योगायोगच वाटतो. पत्रात तिचा हजेरी क्रमांक लिहायचा तो यासाठी. दुसरी वाट म्हणजे मधल्या सुट्टीनंतरची किंवा शाळा सुटतानाची पाच-दहा मिनिटं, जेव्हा वाचनालयात गर्दी नसते. अशा वेळी मुलीला काहीतरी काम असलेलं बरं: परत आलेली पुस्तकं फळीवर लावणं, फाटक्या पानांना चिकटपट्टी लावणं. हात कामात असले की अशी मुलं बोलतात, आणि फळी लावताना हवं ते पुस्तक स्वतःच सापडतं. पण ही दुसरी वाट महिन्या-दीड महिन्याने, पहिल्या दिवशी नको. पहिल्या दिवशी काम दिलं तर ‘मलाच का’ हे वर्गात विचारलं जातं.

आणखी एक विनंती पत्रात घाला: पुस्तक परत करताना ‘आवडलं का?’ असं विचारू नये. प्रश्न साधा आहे, आम्ही ग्रंथपाल तो दिवसातून वीसदा विचारतो. पण अशा मुलीकडे त्याचं एकच उत्तर असतं, ‘हो’. त्यातून बाईंना काही कळत नाही आणि तिला मात्र परीक्षा दिल्यासारखं होतं. त्याऐवजी पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी. तीवर ती काही काढेल, लिहील, नाहीतर कोरीच परत येईल. तीन-चार पुस्तकांनंतर बहुधा काहीतरी येतं.

काय मागू नये तेही सांगते. ‘लाजणं कमी होईल अशी पुस्तकं द्या’ असं लिहू नका. भित्र्या सशाने धीर धरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, असल्या गोष्टी ढिगाने आहेत. मुलांना त्यातला उपदेश दुसऱ्या पानावर कळतो. प्राणी आवडतो म्हणून पुस्तक उघडलं आणि आत आपल्यालाच सुधारायला निघालेत, हे कळलं की पुढच्या वेळी प्राण्याचं पुस्तकही संशयाने बघितलं जातं.

प्राणी मरतो त्या गोष्टींबद्दल मात्र बाईंना आगाऊ कल्पना द्या. शेळ्या-मांजरांशी बोलणाऱ्या मुलीला विकलेलं पाडस, मेलेलं कुत्रं फार दिवस पुरतं. मरण टाळावंच असं माझं म्हणणं नाही. गावातल्या मुलीने कोंबडी कापलेली पाहिलेली असते, मासळी तर रोजचीच. पण पाळलेल्या जनावराचं मरण पुस्तकात येणार असेल तर ते तुम्ही बरोबर बसून वाचा. आणि प्राण्यांवरचं प्रत्येक पुस्तक मुलांचं नसतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांवर आहे, मुखपृष्ठ बघून कुणीही ती प्राणिप्रेमी मुलाला देऊन मोकळं होईल. पण ती मोठ्यांसाठी लिहिलेली, टोळ्यांमधल्या झुंजींची कादंबरी आहे. आठवी-नववीनंतर जरूर वाचू दे.

आता पत्र. अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

> मा. ग्रंथपाल बाई,
> सप्रेम नमस्कार.
> माझी मुलगी आपल्या शाळेत पाचवी ‘ब’ मध्ये आहे, हजेरी क्रमांक 31. तिच्यासाठी पुस्तकांबाबत एक विनंती करायची आहे.
> सुट्टीच्या दिवशी ती ओहोटीला वाळूवर बसून खेकडे बघते. ते वाळूच्या गोळ्या कशा करतात हे तिने वहीत चित्र काढून लिहून ठेवलं आहे. कुर्ली, निवटी, खुबे, शंख यांची माहिती तिला हवी असते, आणि मला सगळं सांगता येत नाही. घरच्या शेळीचंही ती सगळं करते. गोष्टींपेक्षा खरी माहिती आणि खरी चित्रं तिला जास्त आवडतात.
> पानावर सात-आठ ओळी आणि मोठा टाइप असेल तर ती एकटी वाचते. त्याहून अवघड पुस्तक असेल तर मी रात्री वाचून दाखवीन, तेव्हा तेही चालेल.
> वर्गासमोर नाव घेतलं की ती बोलत नाही. बाजूला कुणी शांतपणे काम करत असलं की थोड्या वेळाने बोलते. म्हणून वर्गात वाटायच्या गठ्ठ्यात तिच्या क्रमांकाला असं एखादं पुस्तक ठेवता आलं तर बरं होईल. आवडलं का, हे काही दिवस विचारू नये अशी विनंती. पुस्तकात कोरा कागद ठेवलात तर ती कदाचित त्यावर काही काढेल.
> शक्य असल्यास दोन आठवड्यांसाठी एक पुस्तक घरी द्यावं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेऊ-आणू. खराब झालं तर भरून देईन.
> मी गुरुवारी बाजाराला येते, तेव्हा शाळेत येऊन भेटू शकेन.
> आपली विश्वासू,
> (तुमचं नाव, गाव, फोन नंबर)

पत्रातली पिशवी उगाच आलेली नाही. कोकणात ग्रंथपालाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती दमटपणाची. जून ते सप्टेंबर पुस्तकांना बुरशी धरते, पुठ्ठे फुगतात, कसर लागते, आणि एक बुरसटलेलं पुस्तक फळीत परत गेलं की शेजारची चार धरतात. त्यामुळे बऱ्याच शाळांत रंगीत, महाग पुस्तकं घरी देतच नाहीत, पावसाळ्यात तर नाहीच. प्राण्यांची चांगली चित्रांची पुस्तकं नेमकी हीच असतात. पुस्तक कपाटात असतं, पण कुलपात. तुम्ही आपणहून पिशवीचं आणि भरपाईचं लिहिलंत की बाईंना ते कुलूप काढायला सोपं जातं. मुख्याध्यापकांनी विचारलं तर दाखवायला त्यांच्याकडे तुमचं पत्र असतं.

‘दोन आठवडे, एक पुस्तक’ हेही ठरवून लिहिलं आहे. दहा पुस्तकांची यादी मागितली तर बाई ती सवडीने करू म्हणतात, आणि ती सवड येत नाही. एक पुस्तक त्या दिवशीच निघतं.

बाईंनी हात वर केले, म्हणजे खेकड्यांवर आमच्याकडे काहीच नाही म्हणाल्या, तर ते खरं असण्याची शक्यता बरीच आहे. मराठीत वाघ-सिंह-हत्तींवर मुलांसाठी पुष्कळ, पक्ष्यांवर बऱ्यापैकी, पण किनाऱ्यावरच्या बारीक जिवांवर फार कमी लिहिलं गेलंय. अशा वेळी दोन ठिकाणं सुचवा. एक, ‘किशोर’ मासिक. बालभारती ते 1971 पासून काढते, बऱ्याच शाळांत जुने अंक बांधून ठेवलेले असतात, आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवरही ठेवले आहेत. त्यांत प्राण्या-पक्ष्यांवरचे दोन-तीन पानांचे लेख असतात, ही लांबी अशा मुलीला बरोबर पुरते. दुसरं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. तिथे मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात, आणि प्रत्येकावर वाचनाची पातळी लिहिलेली असते. तिला दुसऱ्या-तिसऱ्या पातळीपासून सुरुवात करून द्या. पण छापून घ्या. हातात मोबाइल दिलात तर खेकडा दोन मिनिटांत मागे पडतो.

पुस्तकाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ जुळवता आली तर त्याला तोड नाही. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्राकडे जातात. मंडणगडातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्रने 2002 मध्ये या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि तुमच्या तालुक्यात आंजर्ल्यालाही हे काम चालतं. तेव्हा जानेवारीत बाईंना कासवाचं पुस्तक मागा आणि मार्चच्या सुमारास, पिल्लं सोडताना, मुलीला घेऊन जा. तिथे तिला कुणाशी बोलावं लागत नाही. सगळेच गप्प बसून बघत असतात.

पत्र दिल्यावर सहा आठवडे थांबा. ठीक चाललंय हे कशावरून कळेल? ती पुस्तकातलं एखादं नाव घरी वापरते, वाळूवर काहीतरी नवीन शोधते, तेच पुस्तक पुन्हा मागते. तेच पुन्हा मागणं हे फार चांगलं लक्षण आहे, ‘एकदा वाचलंस ना’ म्हणून मोडता घालू नका. चुकतंय हे कशावरून कळेल? खुणेचा दोरा पहिल्या चार पानांतच राहतो, पुस्तक दप्तरातून बाहेर येत नाही, किंवा वाचनालयाच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. पहिल्या दोन्हींत पुस्तक अवघड किंवा भलत्या बाजूचं आहे, ते बदलून मागा. पोट दुखत असेल तर पुस्तक पोहोचवायची पद्धत चुकली आहे, तेव्हा बाईंना लगेच भेटा.

वर्गशिक्षकांना एक गोष्ट मात्र विचारून ठेवा: हजेरीला ती ‘हजर’ म्हणते का, आणि लघवीला जायचं असेल तर सांगते का? घरी मोकळं बोलणारं मूल नव्या शाळेत पहिला महिना गप्प राहिलं तर काळजी नाही. पण सहामाही उलटून गेली आणि गरजेचा शब्दही निघत नसेल, तर ते लाजण्याच्या पुढचं असू शकतं. त्यावर पुस्तकांनी भागणार नाही. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, ते पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. यावर उपाय असतात आणि लवकर गेलेलं बरं.

त्या सापांच्या मुलीचं राहिलं. मी तिला पुन्हा कधी वर्गात नावाने बोलावलं नाही. सातवीत तिच्या क्रमांकाला मी सलग पाच महिने पुस्तकं लावत राहिले, साप, सरडे, मग बेडूक, आणि प्रत्येकात कोरी चिठ्ठी. बेडकांच्या पुस्तकातून पहिली चिठ्ठी भरून आली. पेन्सिलीने काढलेला बेडूक होता, पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच, बरोबर मोजून काढलेली. खाली लिहिलं होतं, ‘पुस्तकात मागचा पाय चुकलाय.’ मी पुस्तक काढून बघितलं. चित्रकाराने मागच्या पायालाही चारच बोटं काढली होती.